गाळणीतून रंग वाढत नाही

आजचा विषय चष्म्याचा आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याने चष्म्यावर का बोलावं, असं काही जणांना वाटेल. त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. आम्हाला स्वतःला लाल-हिरव्याचा घोटाळा आहे, जन्मापासून. हिरव्या मिरच्यांच्या ढिगातली पिकलेली मिरची आम्हाला हुडकावी लागते, इतरांना ती आपणहून दिसते. कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत द्रावणाचा रंग कधी पालटला हे आम्हाला चंचुपात्राकडे बघून नव्हे, तर शेजारच्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघून कळायचं. तत्त्वज्ञानाकडे वळण्याचं ते एकमेव कारण नव्हतं, पण एक होतं.

आमच्या बहिणीला हा दोष नाही, तिच्या मुलीलाही नाही. त्या मुलीच्या मुलाला मात्र आहे. लाल-हिरव्या दोषाचं जनुक X गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे ते गुणसूत्र एकच, तेही आईकडून आलेलं. त्यामुळे बायका बहुधा हा दोष स्वतः न भोगता पुढे देतात, आणि मुलगा या बाबतीत मामावर जातो. आमचा हा नातू मामाला ओलांडून मामेआजोबांवर गेला, एवढंच.

गेल्या वर्षी हा मुलगा आमच्याकडे आला तो हातात चष्म्याची डबी घेऊन. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटची लेखी परीक्षा तो पास झाला होता. पंधरा दिवसांवर वैद्यकीय तपासणी होती. डबीत लालसर-जांभळ्या काचांचा चष्मा होता. तो विकणाऱ्याने तीन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, हा घातला की सगळे रंग दिसतात. दोन, ठिपक्यांची परीक्षा पास होते. तीन, म्हणून नोकरीची अडचण सुटते. मुलाने आम्हाला मोबाइलवर एक चित्रफीतही दाखवली. तशा चित्रफिती तुम्हीही पाहिल्या असतील. वाढदिवस असतो, घरचे लोक जमलेले, मागे रंगीबेरंगी फुगे. माणूस चष्मा घालतो, इकडेतिकडे बघतो आणि रडू लागतो.

तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही पण घालून बघा ना."

आम्ही घातला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या तीन वाक्यांची तपासणी आहे. त्यात दुसरं वाक्य काही अंशी खरं आहे, आणि तेच सर्वांत घातक आहे, हे दाखवायचं आहे.

सुरुवात जुन्या गोष्टीने करू. अणुसिद्धान्तासाठी ज्याचं नाव आपण शाळेत घोकलं तो जॉन डाल्टन रंगदोषी होता. 1794 साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे त्याने आपल्या दृष्टीचं वर्णन वाचलं. इतरांना गुलाबी दिसणारं जिरेनियमचं फूल त्याला दिवसा निळं दिसे आणि मेणबत्तीच्या उजेडात लाल. त्याच्या भावालाही तसंच दिसे. याचं कारण काय असावं? डाल्टनने असा तर्क केला की, आपल्या डोळ्याच्या आत जो पारदर्शक द्रव असतो, तो आपल्या बाबतीत निळसर असला पाहिजे. तो निळा द्रव लाल प्रकाश शोषून घेतो, म्हणून लाल आपल्यापर्यंत पोहोचत नाही. तर्क सुबक होता. आणि डाल्टन प्रामाणिक होता, म्हणून त्याने सांगून ठेवलं की, मी मेल्यावर माझे डोळे उघडून बघा.

1844 साली तो वारला आणि जोसेफ रॅन्सम या डॉक्टरने तसं केलं. एका डोळ्यातला द्रव काचेवर काढून पाहिला, तर तो स्वच्छ होता. दुसऱ्या डोळ्याची मागची बाजू कापून त्यातून लाल-हिरव्या वस्तूंकडे पाहिलं, तर रंगांत काही फरक पडला नाही. डोळ्यात निळी गाळणी नव्हतीच. डोळ्यांचे अवशेष मात्र जपून ठेवले गेले. दीडशे वर्षांनी, 1995 साली, त्यांतून डीएनए काढून तपासला गेला, तेव्हा खरं कारण कळलं. प्रकाश पकडणाऱ्या तीन जातींच्या पेशींपैकी मधल्या जातीला लागणारं जनुकच डाल्टनकडे नव्हतं.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगितली. डाल्टनचं म्हणणं खरं असतं, म्हणजे दोष डोळ्यातल्या एखाद्या नकोशा गाळणीत असता, तर योग्य काच लावून तो बराचसा भरून काढण्याचा विचार तरी करता आला असता. चष्म्याच्या जाहिरातींमागे न बोललेलं चित्र हेच असतं, की डोळ्यापुढे काहीतरी आड आलं आहे आणि चष्मा ते बाजूला सारतो. पण आड काहीच आलेलं नाही. आत मोजणारं एक माप कमी आहे, किंवा एक माप बिघडलेलं आहे.

माप म्हणजे काय, ते जरा सावकाश बघू. दृष्टिपटलावर रंगासाठी शंकुपेशी असतात. त्यांच्या तीन जाती. एक जात लांब तरंगांच्या प्रकाशाला, साधारण 560 नॅनोमीटरच्या आसपास, सर्वांत जास्त प्रतिसाद देते. दुसरी 530 च्या आसपास. तिसरी निळ्या बाजूला, 420 च्या आसपास. आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. एकट्या शंकुपेशीला रंग कळत नाही. तिला फक्त आपण किती प्रकाश पकडला एवढंच कळतं. तिच्या आवडीच्या तरंगाचा मंद दिवा आणि नावडत्या तरंगाचा प्रखर दिवा, दोन्ही तिला सारखेच. रंग कळतो तो तुलनेतून. पहिल्या जातीने इतकं पकडलं, दुसरीने इतकं, तिसरीने इतकं. या तीन आकड्यांच्या तुलनेला आपण रंग म्हणतो.

डाल्टनकडे तीनऐवजी दोनच आकडे होते. त्याच्या डोळ्यांपुढे काच धरली तर काय होईल? काच काही प्रकाश अडवते, बाकीचा जाऊ देते. प्रकाश वाढवणं तिला शक्य नाही. म्हणजे दोन्ही आकडे बदलतील, कमी होतील, पण दोनाचे तीन होणार नाहीत. चहाची गाळणी कितीही चांगली असली तरी तिच्यातून चहात साखर पडत नाही. दोन्ही डोळ्यांवर सारखीच काच असलेला कोणताही चष्मा अशा माणसाला तिसरं परिमाण देऊ शकत नाही. त्यासाठी प्रयोगाचीही गरज नाही, ते नुसत्या हिशेबानेच ठरतं.

एक पळवाट मात्र आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दोन डोळ्यांवर दोन वेगळ्या काचा लावल्या तर? मग डाव्या डोळ्याचे आकडे वेगळे, उजव्याचे वेगळे, आणि मेंदूला तुलनेसाठी नवी सामग्री मिळते. ही कल्पना जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1855 च्या आपल्या निबंधात मांडली होती, एका डोळ्यावर लाल काच आणि दुसऱ्यावर हिरवी. विसाव्या शतकात 1970 च्या दशकात एकाच डोळ्यात घालायची लाल कॉन्टॅक्ट लेन्स अमेरिकेत विकली जाऊ लागली, तिच्यामागेही हेच तत्त्व. एक वस्तू लाल काचेतून उजळ दिसते आणि उघड्या डोळ्याला नाही, यावरून ती लाल असावी असा अंदाज सरावाने बांधता येतो. कपडे जुळवायला, तारा ओळखायला काही लोक ते वापरतात. पण तो अंदाज आहे. आणि त्याची किंमत मोजावी लागते. एका डोळ्याला कमी उजेड मिळाला की त्याचा संदेश मेंदूपर्यंत किंचित उशिरा पोहोचतो. मग आडव्या चालणाऱ्या वस्तू खऱ्या अंतरापेक्षा जवळ किंवा लांब भासतात. कार्ल पुल्फरिच या जर्मन शास्त्रज्ञाने 1922 साली हा परिणाम वर्णिला, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. रस्ता ओलांडणाऱ्याने किंवा गाडी चालवणाऱ्याने हे विसरू नये.

आता आमच्यासारख्यांचं काय? आमच्याकडे मापं तीनच आहेत. पण मधल्या जातीची पेशी आपली जागा सोडून पहिल्या जातीच्या जवळ सरकली आहे. निरोगी डोळ्यात या दोघींमध्ये सुमारे 30 नॅनोमीटरचं अंतर असतं, आमच्यात ते थोड्या नॅनोमीटरांवर येतं. दोन साक्षीदार एकाच खिडकीतून बघत असले की त्यांच्या साक्षीत फारसा फरक उरत नाही, तसं. लाल-हिरव्या दोषाचा हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे.

या प्रकारासाठी एक हुशार काच निघाली. तिचा उगम गमतीदार आहे. लेझर वापरणाऱ्या शल्यचिकित्सकांचे डोळे वाचावेत म्हणून अमेरिकेत एका काचतज्ज्ञाने संरक्षक चष्मा तयार केला. तो सहज खेळाच्या मैदानावर एका रंगदोषी मित्राने घातला आणि त्याला नारिंगी खुणा एकदम दिसू लागल्या. त्यातून एन्क्रोमा नावाची कंपनी उभी राहिली. काचेचं तत्त्व असं. पहिल्या आणि दुसऱ्या जातीच्या पेशी जिथे एकमेकींवर सर्वांत जास्त चढतात, तो पिवळसर पट्टा, साधारण 590 नॅनोमीटरच्या आसपासचा, काच कापून टाकते. गोंधळाचा भाग गेला की उरलेल्या प्रकाशात दोघींच्या साक्षी थोड्या दूर जातात. युक्ती शास्त्रशुद्ध आहे, थोतांड नाही. पण ती मुळात तीन पेशी असलेल्यांसाठी आहे, डाल्टनसाठी नाही. आणि कापलेल्या पट्ट्यात ज्या वस्तूंची ओळख होती, त्या वस्तूंचं नुकसान होतं.

स्पेनमधल्या ग्रनाडा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली हे चष्मे 48 रंगदोषी माणसांवर तपासले. त्यांचा निष्कर्ष सरळ होता. चष्म्याने रंगदृष्टी निरोगी माणसासारखी होत नाही आणि चाचण्यांतलं निदान बदलत नाही. काही रंगांतला फरक जास्त जाणवतो, पण दुसऱ्या काही रंगांतला कमी होतो. उलट बाजूही सांगतो. 2020 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी असा अनुभव नोंदवला की, आमच्यासारख्या, म्हणजे तीन पेशींच्या पण सरकलेल्या, लोकांनी तो चष्मा काही दिवस वापरल्यावर त्यांना रंगांतला फरक अधिक ठळक जाणवू लागला. चष्मा काढून मोजलं तेव्हाही. हे महत्त्वाचं आहे आणि ते दडवायचं कारण नाही. पण "फरक अधिक ठळक जाणवतो" हे एक विधान आहे आणि "सगळे रंग दिसतात" हे दुसरं. पहिलं मोजलेलं आहे. दुसरं विकलेलं आहे.

आता आमच्या घरातल्या डबीकडे येऊ. त्यातली काच ही हुशार काच नव्हती, साधी गडद लालसर होती. आम्ही ती घालून बागेत गेलो. जास्वंदीच्या झाडाकडे पाहिलं, आणि खोटं कशाला बोला, चकित झालो. पानं काळपट झाली आणि फुलं एकेक करून पुढे आली. इतक्या वर्षांत त्या झाडावर एका वेळी अकरा फुलं असतात हे आम्हाला एका नजरेत कधी कळलं नव्हतं. घशाशी काहीतरी आलं. चित्रफितीतल्या माणसाला आम्ही त्या क्षणापासून हसणं सोडलं.

मग आत आलो. टेबलावर आमचे जुने कागद पडले होते, लाल शाईने तपासलेले. त्यांवरच्या खुणा फिकट पडल्या होत्या, काही शोधाव्या लागत होत्या. कारण उघड आहे. लाल काचेतून पांढरा कागदही लालसर आणि शाईही लालसर. बागेत जे मिळालं ते टेबलावर गेलं.

आमची भाची, म्हणजे मुलाची आई, भरतकाम करते. आम्ही तिला म्हटलं, तुझ्या दोऱ्यांच्या लडी आण. आम्हा दोघांना चकवणारी जोडी तिला पाठ आहे, तपकिरी आणि शेवाळी. तिने नाणं उडवायचं, छापा आला तर तपकिरी, काटा आला तर शेवाळी, आणि ती लड मुलापुढे धरायची. वीस वेळा. त्याने नाव सांगायचं, तिने गप्प राहून लिहायचं. बरोबर की चूक हे शेवटपर्यंत सांगायचं नाही, नाहीतर माणूस आईच्या चेहऱ्यावरून रंग ओळखायला शिकतो. आमचा प्रयोगशाळेतला अनुभव सांगितलाच आहे. वीसपैकी दहा तर डोळे मिटूनही जमतात, हेही आधी ठरवून घेतलं.

चष्म्याविना त्याचे अकरा बरोबर आले. म्हणजे अंदाजच. चष्मा घालून अठरा. मुलगा उठून उभा राहिला. "बघा!" म्हणाला.

आम्ही त्याला विचारलं, "तुला त्यातला तपकिरी कशावरून कळला?"

तो थोडा थांबला आणि म्हणाला, "तपकिरी उजळ दिसतो. शेवाळी काळपट."

इथे सगळी गोष्ट उघड झाली. त्याला रंग दिसत नव्हता, उजेड-अंधार दिसत होता. लाल काच तपकिरीतला लाल प्रकाश जाऊ देते आणि शेवाळीतला हिरवा अडवते. म्हणून आम्ही भाचीला सांगितलं, आता जरा गडद तपकिरी आणि जरा फिकट शेवाळी घे. लडी बदलल्या, चष्मा तोच, वीस वेळा तोच खेळ. नऊ बरोबर आले. शेवटी केशरी आणि पिवळा घेतला. ही जोडी त्याला चष्म्याविना वीसच्या वीस वेळा ओळखू आली होती. चष्मा घालून बारा. लाल काचेतून दोन्ही सारखेच उजळ.

मग ठिपक्यांच्या परीक्षेकडे वळलो, कारण खरी भिस्त तिच्यावर होती. ही परीक्षा शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी 1917 च्या सुमारास तयार केली. तिची रचना फार विचारपूर्वक आहे. आकडा एका रंगाच्या ठिपक्यांचा, भोवताल दुसऱ्या रंगाच्या ठिपक्यांचा. पण प्रत्येक ठिपका मुद्दाम कमी-जास्त उजळ केलेला असतो, म्हणजे नुसत्या उजेडाच्या फरकावरून आकडा सुटा होऊ नये. आकडा सुटा होतो तो केवळ रंगावरून. तो रंगाचा फरक ज्याला जाणवत नाही त्याला ठिपक्यांचा सडा दिसतो, किंवा काही पानांवर वेगळाच आकडा दिसतो.

आता त्या पानावर लाल काच धरा. लाल-नारिंगी ठिपके उजळतात, हिरवे काळवंडतात. इशिहारांनी ठिपक्यांची उजळता कमी-जास्त करून जे कुंपण घातलं होतं ते पडतं, आणि आकडा काळ्या-पांढऱ्यात उमटतो. याचा पुरावा हवा असेल तर त्या पानाचा कृष्णधवल फोटो लाल काचेतून काढून बघा. आकडा वाचता येतो. म्हणजे ज्याला रंग ही गोष्टच माहीत नाही अशी फिल्मही ही परीक्षा "पास" होते. तर मग विकणाऱ्याचं दुसरं वाक्य, परीक्षा पास होते, हे खरं आहे. पण परीक्षा पास झाली ती काचेची. मुलाची झालीच नाही.

अर्थात तपासणाऱ्यांना हे नवीन नाही. रंगदृष्टी तपासताना रंगीत काच किंवा लेन्स उतरवून ठेवायला लावतात. शिवाय इशिहारा हा पहिला टप्पा असतो. रेल्वेच्या कामासाठी कंदिलाची परीक्षाही असते. त्यात अंधाऱ्या खोलीत सिग्नलच्या दिव्यासारखे लहान ठिपके दाखवून नाव विचारतात. आणखी एक चाचणी रंगाच्या पंधरा टोप्या क्रमाने लावायची असते. लाल काच घालून ती दिली तर चुका नाहीशा होत नाहीत, त्यांची दिशा बदलते. फसवणुकीची हीच खूण आहे. खऱ्या सुधारणेत सगळ्या चाचण्या एकाच दिशेला सुधारतात. काचेच्या करामतीत एक सुधारते आणि दुसरी बिघडते.

पण समजा, तपासणाऱ्याच्या लक्षात आलं नाही आणि मुलगा इंजिनात बसला. मग? रात्री, पावसात, काचेवर ओघळ, आणि समोर अर्ध्या किलोमीटरवर एकच दिवा. तुलनेला दुसरी वस्तू नाही. पान स्थिर नाही. आमच्या जोड्यांच्या खेळात उजळ आणि काळपट ओळखायला समोर दोन लडी आलटून पालटून येत होत्या. इथे एकट्या दिव्याची उजळता अंतरावर, धुक्यावर, काचेवरच्या धुळीवर अवलंबून. लाल काचेतून हिरवा दिवा आणखी मंद होणार आणि पिवळा लालसर होणार. गाळणीने प्रकाश कमीच होतो हे आपण सुरुवातीला म्हटलं, ते रात्री सर्वांत जास्त भोवतं. नियम इथे दुष्टपणाने केलेला नाही.

सगळीकडेच मात्र नियम इतके विचाराने केलेले नसतात, आणि टीका एकाच बाजूवर करून चालणार नाही. पुण्यातलंच उदाहरण घ्या. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवडलेल्या एका उमेदवाराला रंगदोषामुळे प्रवेश नाकारला गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे तज्ज्ञांची समिती नेमली गेली. 2022 साली न्यायालयाने सांगितलं की, रंगदोषी विद्यार्थ्यांना सगळ्या अभ्यासक्रमांचे दरवाजे उघडे ठेवा. चित्रपट हे अनेकांनी मिळून करायचं काम आहे, जिथे रंगाचा निर्णय अडेल तिथे सहकाऱ्याची मदत घेता येते. वाहन परवान्याचंही तसंच. सौम्य आणि मध्यम रंगदोष असलेल्यांना परवाना मिळावा म्हणून केंद्राने 2020 साली वैद्यकीय नमुने बदलले. रस्त्यावरच्या सिग्नलमध्ये लाल वर आणि हिरवा खाली असतो, आम्ही इतकी वर्षं जागेवरूनच ओळखत आलो. या दोन्ही ठिकाणी अडचण सुटली ती काचेने नाही. नेमकं कोणतं काम रंगाशिवाय होत नाही आणि कोणतं होतं, हे कोणीतरी बसून तपासलं, म्हणून सुटली. चष्म्याची जाहिरात हा प्रश्नच पुसून टाकते. ती म्हणते, जग आहे तसंच राहू दे, तू फक्त डबी विकत घे.

त्या रडण्याचं काय, असं तुम्ही विचाराल. आमच्याही घशाशी आलंच होतं. त्या अश्रूंना आम्ही खोटं म्हणत नाही. दृश्य खरोखर बदलतं, आणि जन्मभर दुय्यम ठरलेल्या माणसाला आता आपल्यालाही दिसतंय असं वाटणं ही मोठी गोष्ट आहे. पण चित्रफीत नेमकी तिथेच थांबते. फुगे निवडलेले असतात, ते काचेला अनुकूल असतात. कोणी त्या माणसाला पाठमोरं करून विचारत नाही की, कोणता फुगा कोणत्या रंगाचा ते सांग. तपकिरी आणि शेवाळी लड कोणी पुढे धरत नाही. आणि कोणी त्याला लाल शाईचा कागदही दाखवत नाही. भावना खरी असणं आणि विधान खरं असणं यांतला फरक आम्ही वर्गात चाळीस वर्षं शिकवला. तो इतक्या स्वच्छपणे आम्हालाही जास्वंदीपुढेच कळला.

तेव्हा कोणाला असा चष्मा घ्यायचाच असेल तर एवढं करा. आधी नेत्रतज्ज्ञाकडून आपला प्रकार कोणता ते नक्की करून घ्या, पेशी सरकलेली आहे की मुळात नाहीच. नसेल तर दोन्ही डोळ्यांवर एकसारख्या काचांचा चष्मा घेऊन नवे रंग मिळणार नाहीत. परत घेण्याची अट लेखी घ्या. मग घरी लडींचा खेळ खेळा, नाणं उडवून, वीस वेळा, आणि फक्त चकवणाऱ्या जोडीवर नको, आधी नीट ओळखू येणाऱ्या जोडीवरही. मिळालं किती आणि गेलं किती, दोन्ही लिहा. त्यानंतरही बागेत फिरायला तो चष्मा आवडला तर जरूर घाला. बागेत कोणाचा जीव सिग्नलवर अवलंबून नसतो.

मुलगा तपासणीला चष्म्याविनाच गेला आणि अपात्र ठरला. महिनाभर तो कोणाशी धड बोलला नाही. आमच्याशी तर नाहीच, कारण लडींचा खेळ आम्ही काढला होता. पुढे त्यानेच शोधून काढलं की रेल्वेतच अशी पदं आहेत ज्यांना रंगदृष्टीची अट नाही, आणि तो आता त्यांची तयारी करतो आहे. डबी त्याने परत केली नाही. ती आमच्या टेबलावर आहे. जास्वंद फुलली की सकाळी आम्ही चष्मा घालतो, फुलं मोजतो, आणि पेपर वाचायला बसताना काढून ठेवतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.